अरबी पाकिटांवरची लेबलं फोनने मराठीत वाचताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या दापोली भागात आखाताकडून आलेलं खोकं बऱ्याच घरांत उघडतं. आमचे भाऊजी मस्कतला असतात. ते स्वतः आले किंवा कुणी ओळखीचं आलं, की मामूल, तिळाचा हलवा, बकलावा, चॉकलेटं असं काहीबाही येतंच. अडचण अशी, की माझ्या मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले. काजूचा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना पिस्त्याचाही होतो, म्हणून डॉक्टरांनी पिस्ताही बंद केला आहे. वन्संना तीळ चालत नाही. तिकडच्या गोड पदार्थांत नेमका पिस्ता आणि तीळच जास्त. दुकानात रीतसर आयात होऊन आलेल्या मालावर निदान इंग्रजी लेबल असतं, पण बॅगेतून आलेल्या पाकिटावर कधीकधी सगळा मजकूर अरबीतच असतो. म्हणून पावसाळ्याच्या आधीपासून मी फोनमधलं कॅमेऱ्याचं भाषांतर वापरते आहे.

माझं मत आधीच सांगते. पाकीट बाजूला काढायला हे साधन चांगलं आहे, पण पाकीट पास करायला पुरेसं नाही. फोनने 'पिस्ता' दाखवला तर मी लगेच विश्वास ठेवते आणि पाकीट मुलापासून लांब जातं. पण फोनच्या भाषांतरात पिस्ता दिसला नाही, एवढ्यावर मी ते त्याच्या हातात कधीच देत नाही.

पहिलं कारण म्हणजे कॅमेऱ्याचं वाचन. अरबी अक्षरं बरीचशी नुक्त्यांवरून ओळखायची असतात, आणि चकचकीत वेष्टणावर, घडीवर किंवा बारीक छपाईत नुक्ते हरवतात. शिवाय काही शब्द फार जवळजवळचे आहेत. लौज म्हणजे बदाम, जौज म्हणजे अक्रोड आणि मौज म्हणजे केळं. लिहिताना या तिघांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. बकलाव्याच्या एका डब्यावर फोनने घटकांत 'केळं' दाखवलं. मैदा, तूप, साखर, पिस्ता आणि मध्येच केळं, हे पदार्थाशी जुळेना. डब्याचा तो भाग सपाट धरून पुन्हा फोटो काढला, तेव्हा तिथे बदाम निघाले. पदार्थात न शोभणारा घटक दिसला की ती ओळ चुकीची वाचली गेली आहे असंच धरायचं. मात्र चुकीचा शब्द पदार्थाला शोभणारा निघाला तर ही खूणही मिळत नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खजूर भरलेल्या मामूलच्या एका पाकिटाचं उदाहरण सांगते. घटक असे होते : गव्हाचं पीठ, खजूर, पामतेल, साखर, दूध पावडर, सोया लेसिथिन. यात काजू नाही, पिस्ता नाही, तीळ नाही. खाली वेगळ्या ओळीत अ‍ॅलर्जीची सूचना होती. तिचं मराठी भाषांतर आलं, 'शेंगदाणे आणि तीळ हाताळणाऱ्या कारखान्यात तयार केले'. आमच्याकडे शेंगदाणे सगळ्यांना चालतात. म्हणजे फक्त मराठीवर गेलं तर वन्संनी ते टाळायचं आणि मुलाने खुशाल खायचं. त्याच ओळीचं इंग्रजी भाषांतर लावलं तर तिथे आलं 'नट्स'. पाकिटावर मूळ शब्द होता मुकस्सरात. त्यात काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड, हेझलनट सगळे येतात. दुसऱ्या एका पाकिटावर याच शब्दाचं मराठी 'काजू' आलं. मराठीत या सगळ्यांना मिळून रोजच्या वापरातला नेमका शब्द नाही. सुकामेवा म्हणावं तर त्यात मनुका आणि खारीकही आल्या. त्यामुळे मुकस्सरात दिसलं की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच : मुलाला नाही. शेंगदाण्याला पाकिटावर बहुधा फूल सूदानी असं वेगळं लिहिलेलं असतं. नुसतं फूल म्हणजे बाकला शेंगेचे दाणे, त्यामुळे 'सूदानी' पुढच्या ओळीत गेलं असेल तर दोन्ही ओळी एकत्र वाचाव्या लागतात.

उलटंही होतं. जौज अल-हिंद म्हणजे आपला नारळ. त्याचं 'भारतीय अक्रोड' असं भाषांतर येतं आणि घरात उगाच घबराट होते. मुलाला नारळ बाधत नाही, त्यामुळे हा शब्द आता सगळ्यांना पाठ आहे.

वन्संच्या बाबतीत घात वेगळा आहे. तिळाला अरबीत सिमसिम म्हणतात, आणि त्याचं भाषांतर नीट 'तीळ' असं येतं. पण हलव्याच्या आणि सारण भरलेल्या चॉकलेटांच्या घटकांत सिमसिम नसून तहीना लिहिलेलं असू शकतं. फोन ते 'ताहिनी' असं देवनागरीत तसंच उतरवून ठेवतो. ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ, हे माहीत नसेल तर वाचणारा सरळ पुढे जातो. भारतात 2020 च्या नियमांप्रमाणे लेबलवर ठळक सांगायच्या अ‍ॅलर्जीच्या पदार्थांत तीळ नाही. त्यामुळे आपल्या डोळ्यांना लेबलवर तीळ शोधायची सवयही नसते.

या सगळ्यात सगळ्यात मोठा आधार आहे तो शेजारच्या चाचींचा. त्या उर्दू शाळेत शिक्षिका होत्या. अरबीचा अर्थ त्यांना सगळा लागत नाही, पण अक्षरं त्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी खात्रीने वाचतात. "हे लाम आहे, मीम नाही," असं त्यांनी म्हटलं की बदाम की केळं हा प्रश्नच मिटतो. मी त्यांच्याकडून आमच्या कामाचे शब्द अरबीत मोठ्या अक्षरात लिहून घेतले आणि कागद फडताळाच्या दाराला आतून लावला : काजू, फुस्तुक, मुकस्सरात, सिमसिम, तहीना. काजूला अरबीतही काजूच म्हणतात. फुस्तुक म्हणजे पिस्ता, पण लेबनॉन-सीरियाकडे शेंगदाण्यालाही फुस्तुक म्हणतात आणि पिस्त्याला मुद्दाम फुस्तुक हलबी. आमच्याकडे फुस्तुक कसलाही असो, पाकीट बाद.

आता पद्धत अशी बसली आहे. कॅमेरा नुसता रोखून धरला तर शब्द क्षणाक्षणाला बदलत राहतात, म्हणून आधी फोटो. पाकीट कात्रीने उघडून पडवीत उजेडात, पण उन्हाची तिरीप न पडेल असं सपाट पसरते. घटकांचा एक फोटो आणि अ‍ॅलर्जीच्या सूचनेचा वेगळा. मग भाषांतर मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे. दोन्हींत फरक आला तर जास्त धोक्याचा अर्थ खरा मानायचा. पाकिटावर छापील इंग्रजी असेल तर तेही ताडून बघते, आणि एकात असलेला घटक दुसऱ्यात नसेल तर तो आहे असंच धरते. शेवटी कागदावरचे शब्द मूळ पाकिटावर एकेक करून डोळ्यांनी शोधते. पावसाळ्यात नेटवर्क गेलं की डाउनलोड केलेलं भाषांतर चालतं, पण ते बरंच कच्चं असतं. तेव्हा पाकीट तसंच बंद ठेवते.

सूचनेची ओळच नसेल तर कारखान्यात काजू-पिस्ता नाही असा त्याचा अर्थ होत नाही, हे मी पाहुण्यांनाही सांगते. सुटा बकलावा, ज्याच्या डब्यावर घटकच नाहीत, तो आमच्याकडे उघडतच नाही.

भाऊजी आता विकत घेण्याआधी दुकानातूनच पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवतात. आम्ही दोघी, मी आणि चाची, तो बघतो आणि हो-नाही कळवतो. साधे खजूर, बिया असलेले, सारण न भरलेले, फक्त खजूरच भरणाऱ्या कंपनीचे, हे सध्या आमच्या यादीत सगळ्यात वर आहेत.