वीस हजार पाउच मागवताना: ±१०, ±५ की 'कमी नको'?

म्हापशाला आमचं काजू पॅकिंगचं छोटं युनिट आहे. पाव किलोचे छापील पाउच आम्ही बाहेरून करून घेतो. साधा, खारा, मसाला आणि मिरी असे चार प्रकार, प्रत्येकी ५,०००. पहिल्या ऑर्डरला दर ठरला, तारीख ठरली, पण किती कमी-जास्त चालेल ते कोणीच लिहिलं नाही. माल आला तो असा: साधा ५,५००, खारा ५,५००, मसाला ५,४०० आणि मिरी ३,८००. बेरीज २०,२००. फोन केला तर उत्तर, "साहेब, एक टक्काच जास्त आहे की!" बेरजेला खरंच एकच टक्का. पण मिरीचे पाउच २४ टक्क्यांनी कमी, म्हणजे ३०० किलो मिरी काजू ऐन चवथीच्या तोंडावर पाउचविना राहिले.

छापखानेवाल्याची बाजूही समजून घ्यायला हवी. मशीनवर रंग जुळेपर्यंत काही मीटर फिल्म वाया जाते, लॅमिनेशनला थोडी जाते, पाउच सील करताना शेवटी आणखी काही बाद होतात. ही नासाडी ऑर्डर लहान असो वा मोठी, जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे ५,०००च्या डिझाइनला टक्का मोठा दिसतो आणि ५०,०००च्या डिझाइनला किरकोळ. मोजून ५,०००च द्या, असा हट्ट धरण्यात म्हणूनच अर्थ नाही. किती चालेल ते आधी लिहून घेण्यात आहे.

आता मी दर मागवताना तीन पर्याय समोर ठेवायला सांगतो. मागच्या वेळी मिळालेले दर धरून बोलतो.

±१० टक्के, दर साडेचार रुपये. या धंद्यात न विचारता मिळतं ते हेच. ५,०००च्या जागी ४,५०० ते ५,५०० काहीही येऊ शकतं. वर्षभर चालणाऱ्या साध्या काजूला मला हे पुरतं, कमी आले तर पुढची ऑर्डर आठ दिवस आधी टाकायची.

±५ टक्के, दर चार रुपये ऐंशी पैसे. वीस हजारांवर ६,००० रुपये जादा, आणि तरीही प्रत्येक डिझाइनचे २५० पाउच कमी येण्याची शक्यता आहेच. हा पर्याय कागदावर सर्वांत नेटका दिसतो, पण मला तो सर्वांत कमी पटतो.

कमी अजिबात नको, जास्त १० टक्क्यांपर्यंत चालेल, दर साडेचारच. इथे पुरवठादार धोका नको म्हणून जास्तच छापतो, तेव्हा बिल वरच्या टोकाचं धरूनच पैसे बाजूला ठेवा. चारही डिझाइन मिळून २,००० पाउच जास्त म्हणजे ९,००० रुपये, जीएसटी वेगळा. हे पैसे बुडत नाहीत, पाउच पुढच्या खेपेला लागतात. अट एकच, पाउचवरचा मजकूर बदलणार नसेल तर. पत्ता किंवा एफएसएसएआय क्रमांक बदलायच्या बेतात असाल तर तेच पाउच भंगार. सणाच्या मालाला मी हाच पर्याय घेतो.

कोणताही घ्या, टक्क्याइतकंच 'कशावर' हे महत्त्वाचं. आमचा घोळ टक्क्याने झाला नव्हता, बेरजेने झाला होता. आता पीओसोबत एवढं पाठवतो:

"प्रत्येक डिझाइनचे ५,००० नग. कमी चालणार नाहीत, जास्त कमाल १० टक्के. ही मर्यादा प्रत्येक डिझाइनला वेगळी लागू, एकूण बेरजेला नाही. बिल मिळालेल्या चांगल्या नगांवर. १० टक्क्यांपुढचे नग आमच्या लेखी होकाराशिवाय पाठवू नयेत. कृपया मान्य असल्याचं प्रोफॉर्मावर लिहून कळवावं."

पाउचऐवजी रोल घेत असाल तर नगांऐवजी किलोवर व्यवहार होतो आणि तिथे आणखी एक फट आहे. फिल्म थोडी जाड निघाली की वजन बरोबर भरतं, पण त्यातून पाउच कमी निघतात. म्हणून रोलला वजनासोबत जाडीची मर्यादाही लिहून घ्यावी.

"कायदा आहे ना?" असं आमचा हिशेबनीस म्हणाला होता. आहे. मालविक्री अधिनियम १९३०, कलम ३७. ठरल्यापेक्षा कमी माल आला तर तो नाकारता येतो, जास्त आला तर ठरला तेवढाच ठेवून उरलेला परत करता येतो. पण त्याच कलमात शेवटी म्हटलंय की हे सगळं व्यापारातल्या रूढीच्या आणि आपसातल्या कराराच्या अधीन आहे. पुरवठादार रूढी म्हणून दहा टक्के दाखवणार, आणि आपल्या हातात कागद नसेल तर बोलायला जागा फार थोडी उरते.

यंदा प्रोफॉर्मावर उत्तर आलं, "१० टक्के मान्य." मी परत विचारलं, प्रत्येक डिझाइनला ना? दोन दिवस शांतता. मग फोन आला, "मिरीला कमी नको म्हणता तर पंधरा टक्के जास्त घ्याल का?" घेतले. मिरीचे ५,७०० आले.