घर दाखवायचंय: वाळा ठेवावा की मसाल्याचं पाणी उकळावं?

सांगलीच्या विश्रामबागेतला दोन महिने बंद असलेला टू बीएचके एप्रिलमध्ये गिऱ्हाइकाला दाखवायचा आहे, असं धरू. स्प्रे आणि मेणबत्त्या नकोत. मग उरतात दोन पर्याय: मसाल्याचं पाणी नाहीतर वाळा.

त्याआधी एक काम. बंद घरातला वास बहुधा मोरीतून येतो. नहाणी ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी गटारीची हवा अडवतं, उन्हाळ्यात ते आटतं आणि वाट मोकळी होते. आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओता, वर चमचाभर गोडेतेल सोडा म्हणजे लवकर आटणार नाही. सिंक, बेसिनलाही पाणी सोडा, कमोड फ्लश करा. हे न करता वर कितीही सुगंध चढवला तरी नाकाला दोन्ही वास कळतात.

मसाल्याचं पाणी सोपं आहे. लिटरभर पाण्यात दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा, एका लिंबाची साल. वीस मिनिटं मंद आचेवर. वास घरभर लगेच पसरतो आणि राहत्या घराची ऊब येते. अडचण गिऱ्हाइकाच्या वेळेची आहे. अकराला येतो म्हणणारं कुटुंब साडेबाराला येतं. गॅस बंद केला तर वास ओसरायला लागतो. चालू ठेवला तर पाणी आटतं, लवंग चढते आणि तळ लागला की दारातच करपट वास. म्हणजे कुणीतरी पातेल्यापाशी बसून राहायचं. शिवाय बंद फ्लॅटमध्ये सिलिंडर असतोच असं नाही. माझं मन इथेच फिरलं.

वाळ्याला कुणाची वाट पाहणं जड जात नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून पन्नास-साठ ग्रॅमची जुडी आणा. माती झटकून, पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून, निथळून पसरट मातीच्या परळात ठेवा आणि हॉलच्या ज्या खिडकीतून वारं आत येतं तिच्यापाशी मांडा. कोरड्या वाळ्याला फारसा वास नसतो. ओल्या मुळांवरून वारं गेलं की येतो. मुळं सुकत आली की हाताने पाणी शिंपडा, बस्स. मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका. एक-दोन दिवसांत बुळबुळीत होऊन कुबट वास मारतो. काम झालं की उन्हात खडखडीत वाळवा, पुन्हा वापरता येतो.

एका ठिकाणी मात्र मी मसाल्याकडे वळेन: नदीकडच्या भागातलं तळमजल्याचं घर. 2019 चा पूर पाहिलेला सांगलीकर तिथे शिरताना आधी ओलीचा वास शोधतो, आणि वाळ्याचा मातकट गंध त्याला भिंतीत ओल मुरल्यासारखा वाटू शकतो. तिथे दालचिनी बरी. गिऱ्हाईक वीस मिनिटांवर आल्याचा फोन आला की मगच गॅस पेटवायचा. भिंतीत खरोखर ओल मुरली असेल तर आधी गळती काढा आणि तसं सांगून टाका.