एक्झिट इंटरव्ह्यूचा सारांश: एकेकाचा, आकड्यांचा की विषयवार?

नोकरी सोडणाऱ्याशी एचआर शेवटच्या आठवड्यात अर्धा-पाऊण तास बोलतं. त्या बोलण्याचं पुढे काय करायचं, याच्या आपल्याकडे साधारण तीन पद्धती दिसतात. पहिलीत प्रत्येक मुलाखतीचा एकपानी सारांश करून विभागप्रमुखाला पाठवतात. दुसरीत कारणांची यादी आधीच ठरवून एक्सेलमध्ये फक्त मोजणी ठेवतात. तिसरीत सहा महिन्यांच्या मुलाखती एकत्र वाचून विषयवार आढावा लिहितात. तुम्हाला यातली एक निवडायची असेल, तर आधी एक प्रश्न विचारा: हा कागद शेवटी कोणाच्या हातात जाणार? बहुतेक वेळा तो ज्याच्याबद्दल तक्रार आहे, त्याच साहेबाच्या हातात जातो.

एकपानी सारांश सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धोक्याचा. नाव काढलं की झालं, असं एचआरमधल्या बऱ्याच जणांना वाटतं. पण जूनमध्ये त्या टीममधून एकच जण गेलेला असतो आणि त्याच्या निरोपाचे फोटो ग्रुपवर पडलेले असतात. समजा, सपोर्ट टीममधला एक मुलगा म्हणाला, ‘बाळ झाल्यावर मी दोन महिने नाइट नको म्हणून लिहून दिलं होतं, तरी सर रविवारी रात्री रोस्टर टाकायचे आणि माझं नाव नाइटलाच असायचं.’ नाव गाळून हे जसंच्या तसं सारांशात घातलं, तरी बाळ, लेखी विनंती आणि रविवार या तीन खुणांवरून सर दोन मिनिटांत माणूस ओळखतील. अवतरणचिन्हं लावून बोलणं उतरवलं तर आणखी वाईट. वऱ्हाडी लकब किंवा ‘अ‍ॅक्चुअली’ची सवय कागदावरही ऐकू येते. शिवाय फुल अँड फायनल आणि रिलीव्हिंग लेटर अजून कंपनीच्या हातात असतं. आधीच्या कोणाचं बोलणं बाहेर आल्याचं एकदा कळलं, की पुढचा प्रत्येक जण ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ एवढंच सांगून उठतो.

तेच वाक्य मोजणीच्या तक्त्यात ‘कामाच्या वेळा: १’ असं होतं. सुरक्षित आहे, पण रोस्टर उशिरा लागतं, की नाइट जास्त आहेत, की विनंतीला उत्तरच मिळत नाही, यातलं काहीच त्यातून कळत नाही. विषयवार आढाव्यात ते असं येऊ शकतं: ‘सपोर्टमधून गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी रोस्टर आठवडा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी लागतं, त्यामुळे घरचं नियोजन करता येत नाही, असं सांगितलं. शिफ्ट बदलण्याच्या विनंत्यांची नोंद कुठे होत नाही, असंही अनेकांचं म्हणणं आहे.’ दुखणं शाबूत राहिलं, माणूस दिसेनासा झाला. फक्त ‘निम्म्याहून अधिक’ खरोखर निम्म्याहून अधिक असले पाहिजेत. एकाचं बोलणं बहुवचनात लिहिणं ही सरळ लबाडी आहे.

म्हणून माझा कौल विषयवार आढाव्याला आहे, मात्र त्याच्याखाली मोजणीचा तक्ता हवा आणि तो एचआरच्या बाहेर जाऊ नये. तक्त्याशिवाय लिहिलेल्या आढाव्यात लिहिणाऱ्याला जे बोलणं लक्षात राहिलं, तेवढंच मोठं होतं.

तक्त्याची कारणं ठरवताना ‘पगार’ असा एकच रकाना ठेवू नका. ‘बाहेर जास्त मिळतंय’ म्हणून जाणारा आणि ‘माझ्याच अनुभवाचा नवा माणूस माझ्यापेक्षा जास्तीवर घेतला’ म्हणून जाणारा, दोघेही पगार म्हणतात. पहिल्यावर उपाय बाजारभाव बघण्याचा आहे, दुसऱ्यावर आतली तफावत काढण्याचा. तसंच नवी ऑफर हे बऱ्याचदा कारण नसतं, निमित्त असतं. ‘ऑफर शोधायला सुरुवात कधी आणि कशामुळे केली?’ या प्रश्नाचं उत्तर मुख्य कारणात टाकावं, आणि पूरक कारण फार तर एक. सुरुवातीला दहाएक मुलाखती दोघांनी एकमेकांचं न बघता वर्गवार लावून पाहाव्यात. जिथे दोघांचे रकाने वेगळे पडतात, तिथे व्याख्या कच्ची असते.

आता खरी मेख. तक्ता एचआरमध्येच राहिला, तरी त्यातले काही आकडे आढाव्यात छापले जातातच. पाचपेक्षा कमी माणसं असलेला गट वेगळा दाखवायचा नाही, हा चांगला नियम आहे, पण तो एकटा पुरत नाही. समजा, सहा महिन्यांत २४ जण गेले: सपोर्ट ९, विक्री १०, लेखा ३, खरेदी २. लेखा आणि खरेदीच्या रकान्यांत तुम्ही ‘कमी संख्या’ असं लिहिलंत. ‘वरिष्ठांची वागणूक’ या ओळीत मात्र कंपनीची बेरीज ६, सपोर्ट २ आणि विक्री १ छापलं. उरले ३. खरेदीतून गेलेले दोघे गाव बदललं म्हणून गेले, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे लेख्यातून गेलेल्या तिघांनीही साहेबांचंच नाव घेतलं, हे वजाबाकी येणाऱ्या कोणालाही कळलं, साहेबांना तर नक्कीच. अशा वेळी लहान विभागांचे आकडे झाकून भागत नाही; ती ओळ विभागवार न देता कंपनीचा ६ हा एकच आकडा द्यावा.

हीच वजाबाकी दोन अहवालांमध्येही होते. एप्रिल ते जूनचा तिमाही अहवाल आणि नंतर एप्रिल ते सप्टेंबरचा सहामाही, असे दोन्ही दिलेत तर जुलै ते सप्टेंबरची तिमाही आपोआप उघडी पडते. एकच कालावधी ठरवा आणि तोच पाळा. माझ्या मते तिमाहीला पंधरा-वीस माणसं जात नसतील तर सहामाहीच बरी. त्यात एक तोटा आहे: जुलैत पेटलेलं दुखणं ऑक्टोबरात कागदावर येतं. तेवढी किंमत मोजावी लागते.

काही गोष्टी यातल्या कुठल्याच सारांशात जाऊ नयेत. लैंगिक छळाबद्दल कोणी बोललं, तर तो ‘वागणूक’ रकान्यातला एक आकडा नव्हे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सहामाही आढाव्याची वाट बघता बघता ही मुदत निघून जाईल. त्यामुळे हे त्या बाईंना मुलाखतीतच सांगायचं, तक्रार लिहायला मदत हवी का ते विचारायचं आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यायचा. पैशांच्या अफरातफरीचा विषय निघाला, तर तोही वेगळ्या वाटेने चौकशीकडे जातो. म्हणूनच सुरुवातीला ‘हे आपल्या दोघांतच राहील’ असं वचन देऊ नका. ‘तुमचं नाव किंवा तुमचे शब्द अहवालात जाणार नाहीत, गंभीर गैरप्रकार असेल तर मात्र मला तो पुढे न्यावा लागेल’ हे वाक्य लांब आहे, पण पाळता येण्याजोगं आहे.

वर्षाला चार-पाचच माणसं सोडून जातात अशा चाळीस जणांच्या कंपनीत मात्र ही सगळी उस्तवार फुकट आहे. तिथे झाकायला गर्दीच नाही. तिथे अहवाल लिहू नका, कारणंही लिहू नका. मालकांसमोर फक्त बदल ठेवा: रोस्टर पंधरा दिवस आधी लागावं, शिफ्टच्या विनंतीला दोन दिवसांत लेखी उत्तर जावं. हे कोणी सुचवलं असं त्यांनी विचारलं, तर अजून कामावर असलेल्यांशी बोलून त्यांनीच खात्री करून घ्यावी, असं सांगा.