वर इंटिग्रल, खाली x चा घात: एल हॉस्पिटल लावायचा की सीरीज काढायची?

लिमिटमध्ये वर 0 ते x चं इंटिग्रल दिसलं की बऱ्याच जणांचा हात आधी ते इंटिग्रल सोडवायलाच जातो आणि गाडी तिथेच अडते. हे बघा:

```
lim (x→0)  [ ∫₀ˣ sin(t²) dt ] / x³
```

sin(t²) चं इंटिग्रल आपल्या नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही, सबस्टिट्यूशन करा नाहीतर बाय पार्ट्स, हाताला काही लागणार नाही. म्हणजे तो रस्ता बंद. उरले दोन: फंडामेंटल थिअरम वापरून एल हॉस्पिटल, किंवा sin ची सीरीज.

एल हॉस्पिटलने जायचं तर आधी फॉर्म तपासायचा. x शून्याकडे गेला की इंटिग्रलच्या दोन्ही लिमिट्स 0 होतात, म्हणून वर 0, खालीही 0, चालेल. आता वरच्याचं डेरिव्हेटिव्ह, आणि इथे फंडामेंटल थिअरम सगळं काम करतो: sin(t²) कंटिन्युअस आहे, वरची लिमिट नुसती x आहे, म्हणून इंटिग्रलची खूण काढायची आणि t च्या जागी x ठेवायचा, sin(x²), बस. इथे खूप जण 2x·cos(x²) लिहून बसतात, म्हणजे आतल्या फंक्शनचंही डेरिव्हेटिव्ह घेऊन टाकतात, ते चूक, कारण डेरिव्हेटिव्हने इंटिग्रल उडालं की आतलं फंक्शन जसंच्या तसं उरतं. खाली 3x². sin(x²)/x² एककडे जातं, उत्तर 1/3. पटत नसेल तर कॅल्क्युलेटरवर x = 0.5 ला इंटिग्रल काढून भागून बघा, 0.3318 च्या आसपास येतं.

सीरीजने तेच असं होतं: sin(t²) = t² − t⁶/6 + …, प्रत्येक टर्म इंटिग्रेट केली की x³/3 − x⁷/42 + …, x³ ने भागलं की 1/3. साध्या गणितात मला तरी एल हॉस्पिटलच बरा वाटतो, दोन ओळींत संपतं आणि सीरीज आठवायची गरज नाही.

पण गणित थोडं वाकडं झालं की सीरीजची किंमत कळते:

```
lim (x→0)  [ ∫₀ˣ sin(t²) dt − x³/3 ] / x⁷
```

सीरीज वर काढलेलीच आहे, x³/3 कटला, पुढची टर्म −x⁷/42, उत्तर −1/42, संपलं. एल हॉस्पिटलने पहिल्या फेरीत (sin(x²) − x²)/(7x⁶) येतं, अजून 0/0, आणि इथून नुसतं डेरिव्हेटिव्हवर डेरिव्हेटिव्ह घेत सुटलात तर प्रॉडक्ट रूलने पान भरेल. त्यापेक्षा थांबून x² = u ठेवा, (sin u − u)/(7u³) होतं, त्यातल्या (sin u − u)/u³ चं लिमिट −1/6, म्हणून उत्तर तेच. म्हणजे एल हॉस्पिटल इथेही चालतो, फक्त प्रत्येक फेरीनंतर सिम्प्लिफाय करायचा संयम हवा. खालचा घात मोठा असेल आणि वर काहीतरी वजा केलेलं असेल तर मी सरळ सीरीजकडे जाईन.

एल हॉस्पिटल निवडलात तर दोन ठिकाणी जपा. पहिलं, पहिल्या गणितात खालची लिमिट 0 ऐवजी 1 केली तर x→0 ला वरचा भाग शून्याकडे जातच नाही, तो साधारण −0.31 होतो, खाली मात्र 0, म्हणजे उजवीकडून −∞ आणि डावीकडून +∞. आणि डेरिव्हेटिव्ह? तो अजूनही sin(x²)च, कारण खालची लिमिट कॉन्स्टंट आहे! त्यामुळे फॉर्म न बघता रूल लावला तर 1/3 असं अगदी छान दिसणारं पण चुकीचं उत्तर येतं, आणि नंतरच्या स्टेप्समध्ये चूक कुठेच दिसत नाही. म्हणून 0/0 तपासलेली ओळ पेपरवर लिहाच.

दुसरं, x अनंताकडे जातो तेव्हा:

```
lim (x→∞)  (1/x) ∫₀ˣ (1 + cos t) dt
```

वर-खाली दोन्ही अनंताकडे जातात, रूल लावला की 1 + cos x उरतं, ते 0 आणि 2 मध्ये हेलकावत राहतं, कुठेच थांबत नाही. यावरून लिमिट नाही असं लिहू नका. डेरिव्हेटिव्हच्या रेशोचं लिमिट मिळालं (किंवा तो अनंताकडे गेला) तरच रूल काही सांगतो, नाही मिळालं तर तो गप्प असतो. सीरीजही इथे उपयोगाची नाही, ती x→0 जवळची सोय. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला बाद केलेला रस्ताच इथे बरोबर, सरळ इंटिग्रेट करा: (x + sin x)/x, sin x/x शून्याकडे जातं, उत्तर 1.