बिलावर ‘एसी’ हा शब्दच नव्हता: दादरच्या लॉजमधला अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये बाबांच्या तपासण्यांसाठी आम्ही साताऱ्याहून मुंबईला गेलो होतो. रुग्णालय परळला, म्हणून दादर पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये तीन रात्रींसाठी खोली घेतली. ऑक्टोबरातली मुंबई ज्यांनी सोसली आहे त्यांना सांगायला नको. आईला दमा आहे, त्यामुळे एसी ही आमची चैन नव्हती. फोनवर दोनदा विचारून, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एसी रूम, तीन रात्री, ३२०० रुपये रोज’ असा त्यांचा मेसेज घेऊनच मी आगाऊ पैसे पाठवले होते. हा मेसेज पुढे किती कामाला येणार आहे, ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पोहोचलो रात्री साडेनऊला. काउंटरवर आधार कार्डं घेतली, रजिस्टर पुढे केलं आणि ‘इथे सही करा मॅडम’ म्हणाले. बाबा उभे राहून थकले होते, मी सही केली. त्या ओळीच्या वर बारीक अक्षरात ‘रूम पाहिली, सर्व सुस्थितीत आहे’ असं छापलेलं होतं. खोली तर आम्ही अजून पाहिलीच नव्हती! पहिली फसवणूक इथे झाली. कितीही दमला असाल तरी एकाने आधी वर जाऊन खोली बघून या, सही नंतर करा.

चादर वरून पांढरी दिसत होती. आईने उशी उचलली तर खालच्या अभ्र्यावर तेलाचा पिवळा डाग आणि लांब केस. बाथरूमच्या जाळीत केसांचा गुंता अडकून पाणी तुंबलेलं. मी गादीचा कोपरा उचलून शिवणीची कड बघितली, तिथे पेनच्या टोकाएवढे काळे ठिपके ओळीने होते. ही ढेकणांची खूण. ढेकूण दिवसा दिसत नाहीत, त्यांची विष्ठा दिसते.

एसी खिडकीत बसवलेला. रिमोटवर १८ लावलं, वारा यायला लागला आणि लॉजचा पोरगा ‘चालू झाला’ म्हणून निघून गेला. अर्ध्या तासाने बाबांच्या गजराच्या घड्याळातल्या तापमानाकडे पाहिलं तर ३२. वारा येतोय म्हणजे फक्त आतला पंखा फिरतोय. मी एसीला कान लावला. थोड्या थोड्या वेळाने ‘घूं’ असा आवाज यायचा, काही सेकंद टिकायचा आणि ‘खट्’ होऊन थांबायचा. हवा थंड करणारा कंप्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करत होता आणि ओव्हरलोडचा सुरक्षा स्विच त्याला बंद पाडत होता. माझ्या भावाचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला फोनवर तो आवाज ऐकवला तर म्हणाला, ‘ताई, बहुतेक कपॅसिटर गेलाय. गॅस भरून काही होणार नाही.’ आणि मॅनेजर मात्र खाली सांगत होता, ‘मॅडम, गॅस कालच भरलाय, थोडा वेळ लागतो.’ चालू एसीच्या तोंडातली हवा खोलीच्या हवेपेक्षा दहाएक अंशांनी थंड लागली पाहिजे. मी घड्याळ झडपेसमोर धरलं तरी आकडा ३२ चा हलला नाही.

तेव्हाच रात्री १०.४० ला मी फोटो काढले, एसीच्या आवाजाचा व्हिडिओ केला, घड्याळ आणि रिमोट एकाच फोटोत घेतले आणि सगळं लॉजच्याच व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. दुसरी खोली मागितली तर ‘नॉन-एसी आहे, रेट तोच’. रात्री अकराला दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुठे जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. चादरी दुसऱ्या दिवशी दुपारी बदलल्या, गादी तीच राहिली. एसी शेवटपर्यंत दुरुस्त झाला नाही. आई तिन्ही रात्री खिडकीशी बसून होती.

निघताना बिल हातात आलं: ‘रूम चार्जेस ३ × ३२००’. एसीचा उल्लेखच नाही. मी पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, ‘तुम्ही साधी खोली घेतली होती, एसी आम्ही सोय म्हणून दिला.’ खरी चलाखी ही होती. काउंटरमागच्या दरफलकावर नॉन-एसी २३०० स्पष्ट लिहिलेलं होतं. मी त्या फलकाचाही फोटो घेतला.

घरी आल्यावर रागाच्या भरात मी तीन पानी पत्र लिहिलं आणि सगळे पैसे मागितले. उत्तर आलं नाही. आता कळतं की ती माझीच चूक होती. तीन रात्री राहून पूर्ण परतावा मागितला की समोरच्याला ‘राहिलात ना?’ म्हणायला जागा मिळते. आठ दिवसांनी दुसरं पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. त्यातला मुख्य भाग इथे देते:

‘महोदय, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर एसी खोली रोज ३२०० रुपयांना कबूल केली होती. एसीचा कंप्रेसर पहिल्या रात्रीपासून बंद होता. रात्री १०.४० ला याची कल्पना आपल्याला फोटो-व्हिडिओसह दिली आहे. आपल्या दरफलकावर नॉन-एसी खोली २३०० आहे. म्हणून रोजचा ९०० रुपयांचा फरक, तीन रात्रींचे २७०० रुपये परत करावेत. पहिल्या रात्री चादर-उशी अस्वच्छ होती व गादीवर ढेकणांच्या खुणा होत्या, त्यासाठी त्या रात्रीच्या नॉन-एसी दराचा निम्मा भाग, ११५० रुपये परत करावेत. या ३८५० रुपयांवर घेतलेला ५ टक्के जीएसटी १९२.५० धरून एकूण ४०४२.५० रुपये पंधरा दिवसांत मूळ खात्यात जमा करावेत व तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याची क्रेडिट नोट द्यावी. रजिस्टरवरील सही खोली दाखवण्यापूर्वी घेतली होती. रक्कम न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.’

विशेषणं काढून टाकली, आकडे ठेवले, आणि प्रत्येक आकडा त्यांच्याच फलकावरचा.

त्यांनी फोन करून ‘पुढच्या वेळी एक रात्र फुकट’ देऊ केली. मी नको म्हटलं. त्या गादीवर आईला परत कोण नेणार? मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथून कुठलाही हुकूम निघत नाही. तक्रार समोरच्याकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, तेवढंच. पण तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो मी त्यांना कळवला आणि सोबत लिहिलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला केस साताऱ्यातच, माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. मुंबईला खेटे घालून ही बाई थकेल, असा जो त्यांचा हिशेब होता तो बहुधा इथे मोडला.

अकराव्या दिवशी २८३५ रुपये आले. एसीचा पूर्ण फरक आणि त्यावरचा जीएसटी. अस्वच्छतेचे पैसे त्यांनी दिले नाहीत. गादीचा फोटो अंधुक आला होता आणि ठिपके नीट दिसत नव्हते, म्हणून मीही तिथेच थांबले. टॉर्च लावून, शेजारी नाणं ठेवून जवळून फोटो काढला असता तर तेही सोडले नसते.

पैशांसोबत क्रेडिट नोट आली. त्यावर लिहिलं होतं: ‘एसी रूम, फरक परत.’