‘सहा महिन्यांनी वाढवतो’: त्याच दिवशी मेसेज, एचआरचं पत्र, की थांबून बघायचं?

पेडण्याचा माझा भाचा 1 ऑक्टोबरला कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागला. पगार 22,000. मुलाखतीच्या शेवटी मॅनेजर म्हणाले, “आता घे, सहा महिन्यांनी तीन हजार वाढवतो.” अपॉइंटमेंट लेटरमध्ये मात्र फक्त 22,000 आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने विचारलं, “मामा, आता काय करू?” रस्ते तीन होते.

पहिला रस्ता गप्प राहून 31 मार्चची वाट बघायचा. बहुतेक जण हाच धरतात, कारण नवीन नोकरीत मागणी करणं बरं दिसत नाही. पण गोव्यातल्या हॉटेलात ऑक्टोबरला लागलेल्या माणसाचे सहा महिने मार्चअखेर भरतात, म्हणजे सीझन उतरायला लागतो तेव्हाच. परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं बंद होत आलेली, खोल्या रिकाम्या, वर पावसाळा. नाताळात ज्याच्याशिवाय काउंटर चालत नव्हता त्याला एप्रिलमध्ये “या वर्षी धंदा जरा कमी झाला” हे ऐकावं लागतं. त्यात हॉटेल लाइनीत मॅनेजर टिकत नाहीत. शब्द दिलेला माणूस दुसरीकडे गेला, तर नव्याला त्याचं काही देणंघेणं नसतं.

दुसरा रस्ता एचआरकडून पत्र घ्यायचा. वाढीची रक्कम आणि तारीख लिहिलेलं, सही-शिक्क्याचं. हे मिळालं तर उत्तमच. पण ते मिळण्याची खरी वेळ ऑफर स्वीकारण्याआधीची. एकदा रुजू झाल्यावर एचआर म्हणणार, आम्हाला वरून काही कळवलेलं नाही. एक फायदा मात्र होतो: शब्द देणाऱ्याच्या हातात मंजुरी होती का, ते इथे उघडं पडतं. डिपार्टमेंटच्या मॅनेजरला बऱ्याच ठिकाणी फक्त शिफारस करता येते. मंजुरी जनरल मॅनेजरची किंवा मालकाची.

तिसरा रस्ता मला बरा वाटतो, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. बोलणं झालं की त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, मॅनेजरला एक साधा मेसेज. भाच्याला उशीर झाला होता, तरी त्याने नोव्हेंबरात पाठवला:

“सर, रुजू होताना आपलं बोलणं झालं होतं त्याप्रमाणे 1 एप्रिलपासून माझ्या महिन्याच्या एकूण पगारात 3,000 वाढ होईल, असं मी धरून चाललो आहे. त्यासाठी माझ्याकडून काय अपेक्षा आहे आणि मंजुरी कोणाची लागेल, तेवढं सांगाल का?”

यात तक्रार नाही, पण रक्कम, तारीख आणि अट तिन्ही आली. ‘एकूण पगार’ हा शब्दही मुद्दाम घातलेला. तीन हजार एकूण पगारात वाढले आणि त्यातला अर्धा बेसिकला गेला, तर त्या 1,500 वर 12 टक्के म्हणजे 180 रुपये पीएफला जातात. फक्त पीएफचा हिशेब धरला तर हातात 2,820 येतात. तेच तीन हजार सीटीसीत, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणाऱ्या एकूण खर्चात धरले आणि कंपनीचा पीएफचा हिस्साही त्यातूनच काढला, तर आणखी 180 कमी, म्हणजे 2,640. हे आधी विचारलं नाही तर एप्रिलच्या स्लिपवर वाद होतो.

मेसेज ऑफिसच्या मेलवरूनच पाठवला तर नोकरी सुटताच तो मेल बंद होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर उत्तर आपल्या फोनमध्ये राहतं. भाच्याला उत्तर आलं: “हो, पण परफॉर्मन्स बघून.” हे होकारापेक्षा कमी आहे, पण पोकळ शब्दापेक्षा पुष्कळ जास्त. उत्तर आलंच नसतं किंवा “बघू नंतर” आलं असतं, तर वाढ होणार नाही असं समजून दुसरीकडे अर्ज सुरू करायला डिसेंबर-जानेवारी हाताशी होता. हॉटेलांना माणसं हवी असतात ते हेच दिवस.

कायद्याच्या जोरावर मागता येईल का, हेही त्याने विचारलं. 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारालाही जागा आहे, पण काय ठरलं ते सिद्ध करायचं आपल्याला, आणि ‘बघून वाढवतो’ इतकं मोघम असेल तर कलम 29 आडवं येतं: अर्थ निश्चित नसलेला करार रद्दबातल. पाटो, पणजीच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे थकलेल्या पगाराची तक्रार नेता येते. ठरल्याचा पुरावाच नसलेली वाढ मात्र थकबाकी म्हणून दाखवता येत नाही. महिन्याच्या तीन हजारांसाठी वकील लावायचा सल्ला मी तरी देणार नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं, मेसेजला आलेलं उत्तर जपून ठेव आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नाताळची गर्दी ओसरली पण हॉटेल अजून भरलेलं असताना, दहा मिनिटं मागून घे. एप्रिलची वाट बघू नको. त्या भेटीत एवढंच माग: प्रोबेशन संपताना जे कन्फर्मेशन लेटर निघेल, त्यातच नवा आकडा घाला.