एफडी न मोडता धंद्याला पैसे: दहा महिने ओडी वापरून

सोलापुरात आमचं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. या धंद्यात कापड मार्चमध्ये घ्यावं लागतं आणि शाळांचे, दुकानदारांचे पैसे जून-जुलैत येतात. मधले तीन महिने दरवर्षी कापडवाल्याच्या उधारीवर निघायचे. ऑगस्ट 2023 मध्ये 7 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी ठेवलेली 10 लाखांची एफडी होती. जानेवारी 2025 मध्ये तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे काढता येणारं ओडी खातं, घेतलं. पावतीवर बोजा चढला, 9 लाखांचं लिमिट मिळालं, व्याज एफडीच्या दरापेक्षा 1 टक्का जास्त, म्हणजे 8. पावती माझ्या आणि बायकोच्या नावावर असल्याने दोघांच्या सह्या लागल्या. एवढं सोडलं तर दोन दिवसांत काम झालं.

28 मार्चला भिलवाड्याच्या कापड व्यापाऱ्याला 6 लाख लगेच चुकते केले. साठ दिवसांच्या उधारीऐवजी लगेच दिले की तो 3 टक्के सोडतो, म्हणजे सुमारे 18 हजार. ओडीवर व्याज रोज जेवढी रक्कम वापरात असेल तेवढ्यावरच लागतं आणि महिनाअखेरीला खात्यात नावे पडतं. 21 एप्रिलला एका दुकानदाराचे 2 लाख आले, ते मी लगेच त्याच खात्यात भरले. उरलेले 4 लाख 10 जूनला फिटले. पहिल्या 24 दिवसांचं व्याज साधारण 3,150 आणि पुढच्या 50 दिवसांचं 4,400 च्या आसपास, म्हणजे सगळं मिळून साडेसात हजार. सूट मिळालेल्या 18 हजारांतून हे व्याज वजा जाता दहा हजारांच्या वर हातात राहिले. हप्त्याचं कर्ज घेतलं असतं, तर मध्येच आलेल्या त्या 2 लाखांचा इतका उपयोग झाला नसता.

आता गंमत. माझा मेहुणा म्हणाला, "एफडीने तेवढ्या दिवसांत चौदा हजार कमावले, कर्जाने साडेसात घेतले. म्हणजे कर्ज फुकटच की!" हा हिशेब चुकीचा आहे. ते चौदा हजार कर्ज घेतलं नसतं तरी मिळणारच होते. 'आपल्याला फक्त 1 टक्काच पडतो' हे वाक्यही माझ्या बाबतीत खोटं ठरलं, आणि ते मला सीएकडे बसल्यावर कळलं. एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला जातो, वर कर्ज असो वा नसो, आणि माझ्या 20 टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर कर भरावाच लागतो. म्हणजे 7 टक्क्यांचे हातात 5.6 च. नियमित हिशेब ठेवणाऱ्याला धंद्यासाठी वापरलेल्या ओडीचं व्याज खर्चात दाखवता येतं, म्हणून त्याचा फरक वाढत नाही. मी मात्र आयकराच्या 44AD कलमाखाली अंदाजे नफा दाखवून विवरणपत्र भरतो, तिथे व्याजाची वेगळी वजावट नाही. माझ्यासाठी खरा फरक 2.4 टक्के. तरीही 3 टक्के सूट दोन महिन्यांतच मिळत असल्याने मला परवडलं. वर्षभर पैसे असेच अडकून पडले असते, तर 8 टक्के व्याजापुढे ती सूट पुरली नसती.

त्रास झाला तो ऑगस्टमध्ये. एफडीची मुदत संपली त्याच दिवशी लिमिटचीही संपली, आणि माझ्या डोक्यात हे नव्हतंच. पावतीचं आपोआप नूतनीकरण झालं, पण लिमिट नव्याने मंजूर व्हायला नवा अर्ज आणि दोघांच्या सह्या हव्या होत्या. बटणवाल्याला दिलेला 38 हजारांचा चेक परत आला, वर दंड. शाखेत विचारलं तर "एसएमएस गेला होता" असं उत्तर. फोनवर पाहिलं, तर मुदत संपल्याचा एसएमएस एफडीचा होता, ओडीचा एक शब्द त्यात नव्हता. बटणवाला पंधरा वर्षांचा ओळखीचा, म्हणून हसून घेतलं. रिझर्व्ह बँकेने वर्षभरात दर कमी केल्याने नवीन एफडी 6.25 टक्क्यांची झाली आणि ओडीही 7.25 वर आला. दोन्ही दरांतला फरक 1 टक्क्याचाच राहिला.

एफडी 'आपलीच' राहते हे खरं, पण बोजा असेपर्यंत ती मोडता येत नाही. जुलैत आईला दवाखान्यात नेलं तेव्हा हे जाणवलं. 40 हजारच लागत होते, ते ओडीतून काढले आणि भागलं. पण लिमिट पूर्ण वापरलेलं असतं, तर 10 लाखांची पावती कपाटात असून त्यातला रुपया मिळाला नसता. म्हणून लिमिटचा नवा अर्ज करताना एकच पावती न ठेवता 6 आणि 4 लाखांच्या दोन केल्या. ओडी फक्त 6 च्या पावतीवर घेतला, 4 ची मोकळी ठेवली. लिमिट 5 लाख 40 हजारांवर आलं, पण पुढच्या मार्चच्या कापडाला त्यात थोडे कमी पडतील, तेवढी उधारी भिलवाड्याच्या व्यापाऱ्याकडे मागेन.